शीटवर कोटेशन ‘चालू’ दिसतं आणि पुरवठादार म्हणतो रेट कधीच संपला: तुलना-तक्त्यातली तारीख कुठे बिघडते

पर्चेस सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हे अनुभवलं असेल. तीन-चार पुरवठादारांची कोटेशनं मेलवर येतात, आपण ती एका शीटमध्ये भरतो, मुदत संपली की ओळ लाल व्हावी असा फॉर्म्युला लावतो. सगळं हिरवं दिसतं म्हणून सर्वात कमी रेटवाल्याला पीओ पाठवतो, आणि तासाभरात फोन येतो: ‘साहेब, तो रेट मागच्या आठवड्याचा होता.’ शीटवर दोष गेला की कुणीतरी नवी शीट बनवतो, नवे रंग लावतो, आणि पुढच्या महिन्यात तेच घडतं. नव्या शीटमध्येही जुनीच खोट उतरलेली असते.

ती खोट रंगांत नसते, तारखेच्या खान्यात असते. एक प्रकरण पूर्ण उलगडून पाहू. रेट समजण्यापुरते घेतले आहेत, बाकी सगळं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये रोज चालतं तसंच आहे.

प्रकरण: चार टन प्लेट, तीन कोटेशनं

रबाळ्याच्या एका वर्कशॉपला १० मिमीची एमएस प्लेट हवी आहे, आयएस २०६२, चार टन. सोमवारी ११ ऑगस्ट २०२५ ला इन्क्वायरी मेल गेली. तिघांचं उत्तर आलं.

कळंबोलीच्या व्यापाऱ्याचं कोटेशन १२ ऑगस्टचं. रेट किलोला ५७.८० रुपये, माल त्यांच्या गोडाऊनमधून उचलायचा, हमाली आणि भाडं वेगळं, मुदत ७ दिवस. तळोज्याच्या स्टॉकिस्टचं १४ ऑगस्टचं, ५९.४० रुपये रबाळे पोच, आणि मुदतीच्या जागी सरळ तारीख लिहिलेली: ३० ऑगस्टपर्यंत. वागळे इस्टेटच्या डीलरचं १३ ऑगस्टचं, ६०.२० रुपये रबाळे पोच, मुदत १० दिवस.

मंजुरीला वेळ लागला. निर्णयाचा दिवस उजाडला मंगळवार, २६ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, म्हणजे आज पीओ गेला नाही तर पुढे दोन दिवस कुणी फोन उचलणार नाही. शीट उघडली तर तिन्ही ओळी हिरव्या आणि सर्वात कमी ५७.८० ची. स्थितीच्या खान्यात फॉर्म्युला होता हा, जो बहुतेकांच्या शीटमध्ये असतो:

```
=IF(F2>=TODAY(),"चालू","संपले")
```

F मध्ये मुदतीची शेवटची तारीख. फॉर्म्युला वाचायला अगदी बरोबर आहे. तरीही तिन्ही ओळी चुकीच्या कारणाने हिरव्या होत्या, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं.

कळंबोलीच्या ओळीत कोटेशनची तारीख `12/08/2025` अशी टाईप केलेली. ज्या कॉम्प्युटरवर ती भरली त्याची सेटिंग अमेरिकन होती. तिथे आधी महिना, मग दिवस. त्यामुळे एक्सेलने ती १२ ऑगस्ट न समजता ८ डिसेंबर समजली, त्यात ७ मिळवले आणि कोटेशन १५ डिसेंबरपर्यंत जिवंत ठेवलं. खरी मुदत १९ ऑगस्टलाच संपली होती.

तळोज्याच्या ओळीत `30/08/2025` टाईप केलं. अमेरिकन सेटिंगमध्ये तिसावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने ती तारीख मानलीच नाही, अक्षरं म्हणून ठेवली. आता खरी मेख इथे आहे: एक्सेल अक्षरांची आणि आकड्याची तुलना करतं तेव्हा अक्षरं नेहमीच मोठी धरतं. गूगल शीट्समध्येही तसंच. त्यामुळे `F2>=TODAY()` चं उत्तर कायम ‘हो’. ही ओळ ३० ऑगस्टला हिरवी, ३१ लाही हिरवी आणि पुढच्या गणपतीतही हिरवीच राहणार. कुणी त्या खान्यात ‘महिनाअखेरपर्यंत’ असं लिहिलं तरी हेच होतं.

वागळेच्या ओळीत `13/08/2025`, तीही अक्षरंच. अक्षरांत १० मिळवायला गेलं की `#VALUE!` येतं. ते दिसायला वाईट म्हणून आधीच्या कुणीतरी F च्या फॉर्म्युल्याभोवती `IFERROR(...,"")` गुंडाळून ठेवलेलं. त्यामुळे एरर गेली, खाना रिकामा दिसू लागला. पण फॉर्म्युल्यातून आलेला हा रिकामा खानासुद्धा अक्षरांतच मोजला जातो, म्हणजे पुन्हा ‘चालू’. माझ्या मते तुलना-तक्त्यात `IFERROR` वापरूच नये. इथे एरर दिसणं हीच एकमेव सूचना होती आणि ती झाकली गेली.

ऑगस्टचा महिना घेतला तर हा घोळ कसा पसरतो ते स्पष्ट दिसतं. १ ते ७ तारखांची कोटेशनं मागच्या महिन्यांत जाऊन पडतात आणि जिवंत असताना संपलेली दिसतात. ८ तारीख नशिबाने बरोबर राहते, कारण आठवा दिवस आणि आठवा महिना. ९ ते १२ तारखा पुढच्या महिन्यांत जातात आणि मेलेली कोटेशनं जिवंत दिसतात. १३ पासून पुढे सगळं अक्षरांत. म्हणून कधी बरोबर तर कधी चूक असं दिसतं आणि लोक ‘शीट मधूनमधून बिघडते’ म्हणतात. ती मधूनमधून बिघडत नाही, तारखेनुसार अगदी नेमाने बिघडते.

आपल्या शीटमध्ये हेच आहे का, ते कसं ओळखायचं

सोपी खूण म्हणजे खाना स्वतः कुठल्या बाजूला चिकटतो ते पाहणं. कुणी अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे बसते, अक्षरं डावीकडे. पण अलाइनमेंट बहुधा कुणीतरी मधोमध केलेली असतेच, त्यामुळे भरवशाची तपासणी दुसरी आहे. तारखांचा अख्खा कॉलम निवडा आणि त्याचा फॉरमॅट तात्पुरता `Number` करा. खऱ्या तारखा पाच आकडी संख्या होतील, अक्षरं जशीच्या तशी राहतील. १२ ऑगस्ट २०२५ चा आकडा 45881 येतो. आपल्या कळंबोलीच्या ओळीत मात्र 45999 दिसला, म्हणजे ८ डिसेंबर. बघून झालं की `Ctrl+Z`.

दुसरी गोष्ट, शीट कुणाच्या कॉम्प्युटरवर भरली जाते ते विचारा. एक्सेल तारखेची पद्धत विंडोजकडून घेतं. तुमच्या मशीनवर `Control Panel > Region` मध्ये `English (India)` असेल आणि स्टोअरमधल्या मशीनवर `English (United States)`, तर एकच फाईल दोन ठिकाणी दोन प्रकारे भरली जाते. मग निम्म्या ओळी बरोबर आणि निम्म्या चूक. गूगल शीट्समध्ये ही सेटिंग फाईलसोबत असते: `File > Settings` मध्ये `Locale` पाहा, तिथे `India` हवं.

सेटिंग बदलली म्हणजे जुन्या तारखा आपोआप सुधारतील असं मात्र नाही. एकदा ८ डिसेंबर म्हणून साठवलेली तारीख ८ डिसेंबरच राहते, फक्त दिसायला `08/12/2025` होते, म्हणजे आणखी फसवी. अमेरिकन सेटिंगखाली भरलेल्या ओळी नक्की कोणत्या ते माहीत असेल, आणि सगळ्या `dd/mm/yyyy` पद्धतीने टाईप केलेल्या असतील, तर शेजारच्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला C मधल्या त्या तारखा उलटवून देतो:

```
=IF(ISNUMBER(C2),DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2)),
 DATE(RIGHT(C2,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2)))
```

हा मिश्र शीटवर सरसकट चालवू नका, नाहीतर ज्या तारखा बरोबर होत्या त्याही उलट्या होतील. कोणत्या ओळी कुणी भरल्या ते कळत नसेल तर चालू इन्क्वायऱ्यांच्या तारखा मेल उघडून हाताने तपासणं हाच मार्ग. जुन्या, बंद झालेल्या इन्क्वायऱ्या सोडून द्या.

पुढे हा घोळ होऊच नये यासाठी मी एकच सवय लावायला सांगतो: तारीख टाईप करताना महिन्याचं नाव लिहा, `12-Aug-2025` असं. हे भारतीय आणि अमेरिकन दोन्ही सेटिंगमध्ये एकच वाचलं जातं. कॉलमचा फॉरमॅटही `dd-mmm-yyyy` ठेवा, म्हणजे ऑगस्टच्या जागी `Dec` दिसला की डोळ्यालाच टोचतं.

शीट पुन्हा मांडताना

कॉलम फार नकोत. A मध्ये इन्क्वायरी नंबर, B मध्ये पुरवठादार, C मध्ये कोटेशनची तारीख, D मध्ये मुदतीचे दिवस, E मध्ये ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलं असेल तर ती तारीख, F मध्ये शेवटचा दिवस, G मध्ये रिव्हिजन, H मध्ये त्यानंतर आणखी रिव्हिजन आली का, I मध्ये स्थिती, J मध्ये आपल्या दारात पडणारा रेट, K मध्ये इन्क्वायरी पाठवल्याची तारीख. D आणि E वेगळे ठेवण्याचं कारण असं की पुरवठादार दोन्ही पद्धतींनी लिहितात, आणि एकाच खान्यात कधी `7` तर कधी `30-Aug-2025` भरलं की फॉर्म्युला गोंधळतो.

F मध्ये:

```
=IF(E2<>"",E2,IF(D2<>"",C2+D2-1,""))
```

त्यातला `-1` मुद्दाम आहे. २२ तारखेच्या कोटेशनची मुदत ५ दिवस असेल तर शेवटचा दिवस २६ की २७, यावर दोघांचं मत वेगळं असू शकतं. बरेच पुरवठादार कोटेशनचा दिवसच पहिला धरतात. आपण कडक बाजू धरली की वाद उरत नाही.

दोन्ही खाने रिकामे असतील तर F रिकामा राहतो. कोटेशनवर मुदत लिहिलीच नसेल तेव्हा हेच योग्य. ‘आपल्याकडे ३० दिवस धरतात’ असं म्हणून स्वतः आकडा टाकू नका. स्टीलसारख्या मालात रेट आठवड्यात हलतो. त्या ओळीला ‘तपासा’ येऊ द्या आणि पुरवठादाराला एका ओळीची मेल टाका.

स्थितीचा फॉर्म्युला I मध्ये:

```
=IF(H2>0,"जुने",
 IF(OR(NOT(ISNUMBER(C2)),C2<K2,C2>TODAY(),NOT(ISNUMBER(F2))),"तपासा",
 IF(F2<TODAY(),"संपले",
 IF(F2-TODAY()<=2,"घाई","चालू"))))
```

जुन्या फॉर्म्युल्यात आणि यात मुख्य फरक एवढाच की शंका असेल तिथे हा ‘चालू’ म्हणत नाही, ‘तपासा’ म्हणतो. अक्षरांची तारीख सापडली, रिकामं F सापडलं, एरर आली, तर उत्तर एकच. शिवाय कोटेशनची तारीख इन्क्वायरीच्या आधीची असू शकत नाही आणि आजच्या पुढचीही असू शकत नाही. दिवस-महिन्याची अदलाबदल झालेली C मधली तारीख बहुतेक वेळा या दोन भिंतींपैकी एकीवर आपटतेच: ८ डिसेंबर पुढच्या भिंतीवर, आणि ७ ऑगस्टची झालेली ८ जुलै मागच्या.

मागच्या भिंतीचा आणखी एक उपयोग होतो. काही पुरवठादार जुनी वर्ड फाईल उघडून फक्त रेट बदलतात आणि तारीख तशीच राहते. मेल २० ऑगस्टची, आतल्या पीडीएफवर २ ऑगस्ट. मुदत कोटेशनच्या तारखेपासून मोजायची तर ते जन्मतःच संपलेलं. अशी ओळ ‘तपासा’ झाली की फोन करून योग्य तारखेची पीडीएफ मागवून घ्या. मेलची तारीख धरून पुढे जाऊ नका, कारण वाद झाला की समोरचा छापलेल्या कागदावर बोट ठेवतो.

E मधल्या तारखेला मात्र ही पुढची भिंत लागत नाही, कारण ती भविष्यातलीच असते. `10/09/2025` ची ९ ऑक्टोबर झाली तर शीटला काही खटकणार नाही. तिथे महिन्याचं नाव लिहिण्याची सवयच कामाला येते. प्लेटच्या कोटेशनला महिन्याभराहून जास्त मुदत दिसली तर मी तरी मेल उघडून बघतोच.

एक्सेलचं `Data Validation` लावून चुकीची तारीख अडवता येते, पण ते फक्त टाईप केलेल्या गोष्टीला अडवतं. मेलमधून कॉपी-पेस्ट केलेलं बिनबोभाट आत येतं. म्हणून खरी राखण स्थितीच्या फॉर्म्युल्यावर ठेवली आहे.

त्याच मेलच्या खाली दडलेली रिव्हिजन

आता वागळे इस्टेटकडे परत. त्यांचा ६०.२० चा रेट शीटवर होता, पण शुक्रवारी २२ ऑगस्टला त्यांनी त्याच मेलला उत्तर म्हणून सुधारित कोटेशन पाठवलं होतं: ५८.६० रुपये, रबाळे पोच, मुदत ५ दिवस. जीमेल एकाच विषयाच्या मेल एका गठ्ठ्यात बांधतं. गठ्ठा उघडणारा बहुतेकदा ओळखीची पहिली पीडीएफ उघडतो आणि खाली नवी पीडीएफ पडली आहे हे पाहतच नाही. दोन्ही फाईलींचं नावही बहुधा `Quotation.pdf` असतं.

रोज सकाळी गठ्ठे उघडून बघण्यापेक्षा शोधखान्यात हे टाकणं सोपं:

```
has:attachment filename:pdf newer_than:3d subject:(quotation OR offer OR enquiry)
```

यात जी मेल दिसेल तिची नोंद शीटवर आहे का एवढंच बघायचं. इन्क्वायरी पाठवताना विषयात नंबर घातला असेल तर `subject:` मध्ये तोच नंबर टाका, जास्त नेमकं सापडतं.

रिव्हिजन आली की जुन्या ओळीतला रेट खोडून नवा लिहायचा मोह होतो. तसं करू नका. नवी ओळ घ्या, G मध्ये पहिल्याला 0 आणि नव्याला 1 लिहा. रेट खोडला आणि तारीख बदलायची राहिली, तर नवा रेट आणि जुनी मुदत असं एक कोटेशन तयार होतं जे कुणीच दिलेलं नाही. जुनी ओळ आपोआप बाजूला पडावी म्हणून H मध्ये:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,G:G,">"&G2)
```

याच इन्क्वायरीला, याच पुरवठादाराची, यापेक्षा वरची रिव्हिजन असेल तर आकडा शून्याहून मोठा होतो आणि I मध्ये ‘जुने’ येतं. एकच अट: पुरवठादाराचं नाव प्रत्येक ओळीत अगदी सारखं हवं. एकीकडे ‘स्टील’ आणि दुसरीकडे ‘स्टील्स’ झालं की दोन्ही ओळी जिवंत राहतात. नावांसाठी ड्रॉपडाउन ठेवा, बाकी कुठे नसला तरी इथे हवाच.

ज्यांना प्रत्येक ओळीतून थेट मूळ मेलवर जायचं असेल त्यांच्यासाठी एक कमी वापरलेली सोय सांगतो. जीमेलमध्ये मेलच्या तीन ठिपक्यांत `Show original` आहे. तिथला `Message ID` कॉपी करून शीटच्या शेवटच्या कॉलममध्ये ठेवा. नंतर शोधखान्यात `rfc822msgid:` आणि त्याला लागून तो आयडी टाकला की नेमकी तीच मेल उघडते. तीच मेल साहेबांच्या किंवा अकाउंट्सच्या जीमेलमध्ये गेली असेल तर त्यांनाही त्याच आयडीने सापडते. ‘कुठली मेल, कुठली मेल’ हा फोनवरचा खेळ थांबतो.

सर्वात कमी रेट, पण जिवंत असलेल्यांतला

नुसतं `MIN` लावलं की संपलेलं कोटेशनही जिंकतं. L मध्ये एक मदतनीस कॉलम घ्या, म्हणजे जिवंत ओळींचाच रेट पुढे जाईल:

```
=IF(OR(I2="चालू",I2="घाई"),J2,"")
```

आणि इन्क्वायरीनुसार सर्वात कमी:

```
=MINIFS(L:L,A:A,A2)
```

`MINIFS` एक्सेल २०१९ पासून आहे आणि गूगल शीट्समध्येही आहे. जिवंत कोटेशन एकही नसेल तर तो 0 देतो. तो शून्य रेट समजू नका. त्याचा अर्थ सगळ्यांना पुन्हा विचारायची वेळ झाली.

J मध्ये सगळ्यांचा रेट एकाच पायावर आणलेला हवा, नाहीतर मुदती बरोबर असूनही निवड चुकते. आपल्या प्रकरणात वागळे आणि तळोजा रबाळे पोच देत होते, कळंबोलीचा रेट मात्र गोडाऊनमधून उचलण्याचा होता. चार टनांना टेम्पो भाडं ४,४०० रुपये धरलं तर किलोला १.१० पडतात, हमाली १,२०० म्हणजे ०.३०. कळंबोलीचे ५७.८० दारात येईपर्यंत ५९.२० होतात. जीएसटी तिघांच्याही रेटमध्ये धरलेला नाही आणि तिघेही नोंदणीकृत, क्रेडिट मिळणार, म्हणून तुलनेत तो धरायची गरज नाही.

आता २६ ऑगस्टची दुरुस्त शीट अशी दिसते. कळंबोली ५९.२०, शेवटचा दिवस १८ ऑगस्ट, ‘संपले’. सात दिवसांची मुदत उदारपणे मोजली तरी १९. तळोजा ५९.४०, ३० ऑगस्ट, ‘चालू’. वागळेचं ६०.२० वालं ‘जुने’, आणि ५८.६० वालं २६ ऑगस्ट, ‘घाई’. म्हणजे सर्वात स्वस्त कोटेशन कळंबोलीचं नव्हतंच, ते वागळेचं होतं, आणि त्याचा शेवटचा दिवस आजच. पीओ संध्याकाळच्या आत मेलवर जायला हवा. उद्यावर टाकला तर चतुर्थी, आणि मग तळोज्याला जावं लागून चार हजार किलोवर ३,२०० रुपये जास्त पडणार.

सगळं बरोबर असूनही सकाळी चुकतं?

गूगल शीट्सवाल्यांसाठी एक खास गोम आहे. `TODAY()` तुमच्या घड्याळावर चालत नाही, फाईलच्या `Time zone` वर चालतं, आणि तीही `File > Settings` मध्येच असते. कुणाकडून आलेल्या टेम्पलेटवर तिथे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेबारा वाजेपर्यंत, आणि हिवाळ्यात दीड वाजेपर्यंत, शीटच्या लेखी कालचीच तारीख असते. काल संपलेलं कोटेशन आज सकाळभर जिवंत दिसतं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर अचानक लाल होतं. रिकाम्या खान्यात सकाळी `=TODAY()` लिहून बघा, लगेच कळतं. तिथे `(GMT+05:30)` ची भारतीय वेळ निवडली की प्रश्न मिटला.

एक्सेलमध्ये याचं भावंड वेगळं आहे: `Formulas > Calculation Options` कुणीतरी `Manual` केलेलं असतं, आणि फाईल काल सेव्ह केली तेव्हाची स्थिती आजही दाखवते. `F9` दाबल्यावर रंग बदलले तर हेच कारण.

आणि एक कारण शीटच्या बाहेरचं. मंजुरीसाठी साहेबांना शीटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर जातो, ते साइटवर असतात, होकार दोन दिवसांनी येतो. स्क्रीनशॉटमधलं ‘चालू’ कायम चालूच राहतं. म्हणून मंजुरीसाठी पाठवताना स्थितीचा कॉलम लपवून शेवटच्या दिवसाचा दाखवा आणि मेसेजमध्येच लिहा: ‘साहेब, वागळेचा रेट २६ तारखेपर्यंतच आहे.’ होकार आला की पीओ पाठवण्याआधी शीट पुन्हा उघडून बघा.

शीट जिथे काही करू शकत नाही

मुदत आत आहे म्हणजे पुरवठादार बांधील आहे, असं अनेक जण समजतात. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रस्तावात दिलेली वेळ संपली की प्रस्ताव संपतो, हे कलम ६ सांगतं. पण कलम ५ नुसार आपला स्वीकार रवाना होण्याआधी पुरवठादार आपला प्रस्ताव मागेही घेऊ शकतो, मुदत शिल्लक असली तरी. त्यामुळे ३० ऑगस्टपर्यंतचं कोटेशन २८ ला मेल करून मागे घेतलं गेलं तर आपल्याकडे फारसं काही उरत नाही. अशी मेल आली की तीही रिव्हिजन समजा: नवी ओळ, पुढचा रिव्हिजन नंबर, मुदतीचा आणि रेटचा खाना रिकामा. जुनी ओळ ‘जुने’ होते, नवी ‘तपासा’, आणि दोन्ही तुलनेतून बाहेर.

पीओत अटी बदलल्या तरी तसंच. कोटेशनमध्ये आगाऊ पैसे आणि आपल्या पीओत ३० दिवसांची उधारी असेल तर तो स्वीकार ठरत नाही, नवा प्रस्ताव ठरतो. मग मुदतीच्या आत पाठवलेल्या पीओलाही समोरचा नाही म्हणू शकतो.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘माल शिल्लक असल्यास’ किंवा ‘डिस्पॅचच्या दिवशीचा रेट लागू’ असं लिहिलेलं असतं, त्याकडेही बघा. दुसरी ओळ असेल तर वर दिलेल्या मुदतीला काहीच अर्थ उरत नाही. अशा कोटेशनचे D आणि E मी रिकामे ठेवतो, म्हणजे ती ओळ ‘तपासा’ राहते आणि पीओआधी फोन होतोच.

मुदतवाढ हवी असेल तर ‘घाई’ दिसल्या दिवशीच मागा, संपल्यावर नाही. जिवंत रेट चार दिवस वाढवून द्यायला पुरवठादार सहसा तयार असतो. संपलेला रेट मागितला की तो बाजारभाव बघून नवा देतो. मेल छोटी पुरते: ‘आपल्या दि. २२ ऑगस्टच्या कोटेशनची मुदत त्याच रेटने ३० ऑगस्टपर्यंत वाढवून मिळावी, कृपया मेलवर कळवावे.’ फोनवर ‘चालेल’ म्हटलं तरी मेल येईपर्यंत शीटवरची तारीख हलवू नका. मेल आली की पुन्हा नवी ओळ, पुढचा रिव्हिजन नंबर, तोच रेट. C मध्ये मुदतवाढीच्या मेलची तारीख आणि E मध्ये `30-Aug-2025`.